तोंडी ऑफर आली, लेटर अजून नाही: एचआरला काय बोलायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान मुख्यतः पुण्या-मुंबईकडच्या प्रायव्हेट नोकऱ्यांसाठी आहे, आयटी आणि त्याच्या आसपासचं सगळं. सरकारी भरतीचे नियम वेगळे, ते इथे नाहीत. मी बरीच वर्षं रिक्रुटमेंटमध्ये काम केलंय, म्हणजे तो "काँग्रॅच्युलेशन्स" वाला फोन मीच करायचे, त्यामुळे फोनच्या त्या टोकाला काय चाललेलं असतं तेही जमेल तिथे सांगितलंय.

एचआरचा फोन आला, "तुमचं सिलेक्शन झालंय, १४ लाख देतोय, जॉइन करताय ना?" आता तिथल्या तिथे काय बोलू?

आनंद झाला असेल तर तो आवाजात येऊ द्या, दाबून ठेवू नका. बरेच जण भाव खायचा म्हणून "हं, बघतो, कळवतो" असं काहीतरी थंड बोलतात आणि मग तिकडे असा समज होतो की याच्याकडे दुसरी ऑफर आहे, हा काही येत नाही, बॅकअप कँडिडेट तयार ठेवा. आणि खरंच ठेवतात. तेव्हा साधारण असं बोला:

"मॅडम, खूप छान वाटलं ऐकून, थँक यू! मॅनेजर सरांशी दुसऱ्या राऊंडला जे बोलणं झालं ना, पेमेंट्सच्या नव्या सिस्टिमबद्दल, तेव्हापासून मला हे काम करायची फार इच्छा आहे. तुमच्याकडून ऑफर लेटर आणि सॅलरी ब्रेकअप आलं की मी त्याच दिवशी वाचून तुम्हाला फायनल कळवतो. साधारण कधीपर्यंत पाठवता येईल?"

यात उत्साह पूर्ण आहे, कामाचं नाव घेऊन आहे, म्हणजे पाठ केलेला वाटत नाही. पण "हो, मी येतोय" हे वाक्य कुठेच नाही. फायनल कधी कळवणार ते सांगितलंय आणि तो दिवस लेटर येण्यावर ठेवलाय. आणि शेवटी तारीख विचारलीय, हे लोक हमखास विसरतात. तारीख विचारली नाही तर एचआर "पाठवते लवकरच" म्हणते आणि तुम्ही आठवडाभर दर अर्ध्या तासाने मेल रिफ्रेश करत बसता.

"पक्कं", "डन", "समजा मी जॉइन झालोच" असलं काही बोलू नका. लेटर मागायचं राहिलंय हे तुम्हाला नंतर आठवेल, तोवर तिकडे सिस्टिममध्ये तुमच्या नावापुढे अ‍ॅक्सेप्टेड लिहून झालेलं असेल.

लेटर मागितलं की त्यांना वाटणार नाही का, की याचा आमच्यावर भरवसा नाही?

नाही वाटत. लेटर तर त्यांना द्यायचंच असतं, तुम्ही फक्त ते कधी येतंय एवढं विचारताय. खरी गोष्ट अशी की बऱ्याच कंपन्यांमध्ये तो फोन होतो तेव्हा आतली मंजुरी पूर्ण झालेलीच नसते. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने हो म्हटलेलं असतं, पण पगाराच्या आकड्यावर फायनान्सची किंवा वरच्या साहेबांची सही बाकी असते, आणि ती घ्यायच्या आधी एचआर तुम्हाला चाचपून बघते की एवढ्यात येतोय का हा. म्हणजे फोनवरचा १४ हा आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण तो अजून कुणी लिहून दिलेला नसतो. मधल्या काळात पोझिशन होल्डवर जाणं, बजेट कमी होणं, एचआरच नोकरी सोडून जाणं (हसू नका, होतं असं) हे सगळं शक्य असतं.

रिक्रुटरला खरी भीती कशाची असते सांगू का? कँडिडेट हो म्हणून ऐन जॉइनिंगच्या दिवशी गायब होण्याची. म्हणून तुमचा उत्साह ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नाही, तो ऐकूनच ती तुमचं लेटर लवकर काढून घ्यायला फायनान्सच्या मागे लागते. राग येतो तो मेल-फोनला उत्तर न देणाऱ्यांचा.

फोनवर हो म्हणून टाकलं असेल तर मी कायद्याने अडकलो का?

कागदावर नसलेला करारही करार असू शकतो, १८७२ चा आपला करार कायदा तोंडी कराराला सरसकट नाही म्हणत नाही. पण फोनवर काय ठरलं होतं हे सिद्ध कोण करणार आणि कसं, हा प्रश्न दोन्ही बाजूंना तेवढाच नडतो. तुम्ही फोनवर हो म्हणून नंतर गेला नाहीत म्हणून कंपनी कोर्टात जाईल अशी शक्यता फार कमी. तसंच त्यांनी फोनवर दिलेली ऑफर मागे घेतली तर तुमच्या हातातही फारसं काही नसतं. फरक एवढाच की त्यांची एक जागा रिकामी राहते आणि तुम्ही तोवर राजीनामा दिलेला असला तर तुमचा पगार जातो.

प्रॅक्टिकली नुकसान वेगळंच होतं. एकदा हो म्हटलं की आकड्यावर बोलायची जागा संपते. नंतर ब्रेकअप बघून तुम्ही "हे कमी वाटतंय" म्हणालात तर उत्तर ठरलेलं, "पण तुम्ही तर फोनवर ओके म्हणाला होतात."

आधीच बोलून बसला असाल तर घाबरू नका, खाली जो मेल दिलाय तो आजच पाठवा, त्यात सगळं सावरून घेता येतं.

१४ लाख म्हणजे १४ लाख, त्यात लेखी बघण्यासारखं काय असतं एवढं?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून एक हिशोब पूर्ण मांडते. आकडे उदाहरणाचे आहेत पण रचना अगदी नेहमीची आहे.

तुम्ही मनात १४ ला १२ ने भागता आणि महिन्याला १ लाख १६ हजार धरून बसता. आता ब्रेकअप येतं. त्यात १,४०,००० व्हेरिएबल आहे, म्हणजे कंपनीचा आणि तुमचा परफॉर्मन्स बघून वर्षाच्या शेवटी मिळणार, मिळालं तर. १,००,००० जॉइनिंग बोनस आहे, तोही १४ मध्येच मोजलाय, म्हणजे पुढच्या वर्षी तो नाही. बेसिक वर्षाला ७,००,००० आहे आणि ही कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरते, तर तिचा १२ टक्के वाटा ८४,००० हाही तुमच्याच सीटीसीत. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ३३,६७०, ती परमनंट माणसाला साधारणपणे पाच वर्षं टिकल्यावर मिळते. मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता १५,०००. हे सगळं मिळून ३,७२,६७० होतात, आणि ते १४ लाखांतून गेले की उरतात १०,२७,३३०.

त्याला १२ ने भागा, ८५,६११. यातून तुमचा स्वतःचा पीएफ ७,००० आणि महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात येतात साधारण ७८,४००, आणि टीडीएस कापला गेला तर तो आणखी वेगळा. म्हणजे तुमच्या डोक्यात १ लाख १६ हजार आणि खात्यात ७८ हजार. यात कुणी फसवलेलं नाहीये बरं का, फोनवरचा १४ शब्दशः खराच होता. पीएफ तर तुमचाच पैसा आहे, बुडत नाही. पण होम लोनचा हप्ता ७८ मधूनच जाणार ना.

दुसऱ्या कंपनीत हेच १४ असतील, पण व्हेरिएबल नाही, जॉइनिंग बोनस वरून वेगळा आणि पीएफ किमान मर्यादेवर म्हणजे महिना १,८०० वर कापतात, तर हातात येणारा पगार बराच वर जातो. फोनवर दोन्ही ऑफर सारख्याच ऐकू येतात.

पगाराशिवाय मला विचाराल तर दोनच ओळी आधी शोधा. जॉइनिंग बोनस किती महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो, आणि नोटीस पिरियड किती. प्रोबेशनमधला नोटीस आणि कन्फर्म झाल्यावरचा नोटीस बऱ्याचदा वेगळा असतो, फोनवर यातलं कुणी काही सांगत नाही. वर्क फ्रॉम होम ठरलं असेल तर तेही लेटरमध्ये किंवा निदान मेलवर यायला हवं, कारण मॅनेजर बदलला की तोंडी डब्ल्यूएफएच पहिलं जातं.

फोननंतर मेल करायचा का? काय लिहायचं?

करायचाच, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. कंपनीच्या भाषेप्रमाणे इंग्रजीत लिहा, मजकूर मात्र असा:

"नमस्कार मॅडम, आजच्या फोनबद्दल मनापासून आभार. सिनियर डेव्हलपर या पोझिशनसाठी माझी निवड झाली याचा खूप आनंद आहे आणि या टीमसोबत काम करायला मी उत्सुक आहे. आपल्या बोलण्यातून मला समजलं ते असं: एकूण सीटीसी १४ लाख, लोकेशन पुणे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, आणि माझ्या सध्याच्या कंपनीच्या नोटीस बायआउटचा खर्च तुम्ही देणार. यात काही राहिलं असेल तर कृपया सांगा. ऑफर लेटर आणि पगाराचा पूर्ण तपशील मिळाला की मी एका वर्किंग डेमध्ये माझा निर्णय कळवतो. तुम्ही गुरुवारपर्यंत पाठवते म्हणालात, त्याप्रमाणे वाट बघतो."

"मला समजलं ते असं" या भागासाठीच हा मेल आहे. तुम्ही कुणाकडे पुरावा मागत नाही, फक्त तुम्ही काय ऐकलं ते लिहून ठेवताय. बायआउटचं एचआर बोलता बोलता म्हणून गेलेली असते आणि कंपनीची तशी पॉलिसीच नसते, तर तिला इथेच दुरुस्ती करावी लागते. तिने दुरुस्ती केली नाही तर लेटरमध्ये ते नसल्यावर विचारायला तुमच्याकडे मेल आहे. आणि फोनवर हो म्हणून बसलेल्यांनी "निर्णय कळवतो" च्या जागी "फायनल कन्फर्मेशन पाठवतो" लिहा, म्हणजे शब्द फिरवल्यासारखं होत नाही.

मेल आपल्या पर्सनल आयडीवरून पाठवा. सध्याच्या ऑफिसच्या आयडीवरून पाठवणारे महाभाग मी बघितलेत.

एचआर म्हणते, "आधी मेलवर अ‍ॅक्सेप्ट म्हणून लिहा, मगच सिस्टिममधून लेटर रिलीज होतं." हे खरं असतं का?

हो, असतं बऱ्याच ठिकाणी. लेटर काढल्यावर कँडिडेट तेच दाखवून दुसरीकडे भाव वाढवून घेतात, म्हणून कंपन्यांनी ही पायरी घातलीय. तेव्हा भांडू नका, पण कोरा होकारही देऊ नका. आधी ब्रेकअप मागा, एक्सेल शीट असली तरी चालेल, ती बहुतेक जण देतात कारण ते लेटर नसतं. ती बघितल्यावर लिहा: "तुम्ही पाठवलेल्या पगाराच्या तपशिलाला माझी सहमती आहे. याच अटींचं ऑफर लेटर मिळालं की त्यावर सही करून पाठवतो." एचआरला तिच्या सिस्टिमसाठी हवा तो मेल मिळतो, आणि तुमची सहमती फक्त डोळ्यांनी बघितलेल्या आकड्यांपुरती राहते.

ब्रेकअपही नाही, लेटरही नाही, नुसतं अ‍ॅक्सेप्ट लिहा म्हणतात तर मी स्वतः थांबले असते.

राजीनामा कधी देऊ? ते म्हणतात १ तारखेला जॉइन व्हा आणि माझा नोटीस ९० दिवसांचा आहे.

लेटर हातात आल्यावर. लेटरमध्ये नाव, पद, पगार, जॉइनिंगची तारीख सगळं असलेलं, "लेटर ऑफ इंटेंट" नव्हे. इंटेंट म्हणजे द्यायचा विचार आहे एवढंच, त्यात बरेचदा पगाराचे तपशील नसतात आणि अंतिम मंजुरीच्या अधीन असं खाली बारीक अक्षरात असतं.

आता इथे एक युक्ती आहे जी मला कँडिडेटच्या बाजूने सगळ्यात उपयोगी वाटते. तुम्हाला जॉइनिंग डेट विचारली की कॅलेंडरची तारीख देऊच नका. असं सांगा: "लेटर मिळालं की दुसऱ्या दिवशी मी राजीनामा टाकतो, तिथून ९० दिवस, लवकर सोडलं तर त्याआधीही." कारण १ तारीख देऊन बसलात आणि लेटर दोन आठवडे उशिरा आलं तर तारीख तीच राहते, ओढाताण तुमची होते, आणि मग "तुम्ही आत्ताच रिझाइन करा, लेटर येतंयच" हा सल्ला सुरू होतो. तेच दिवस लेटरपासून मोजायचे म्हटल्यावर लेटरचा प्रत्येक दिवसाचा उशीर त्यांच्या जॉइनिंगमध्ये दिसतो, प्रोजेक्ट मॅनेजर एचआरला विचारायला लागतो की माणूस कधी येतोय. तुम्हाला काही मागावंच लागत नाही.

लेटरमध्ये बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची अट बहुतेक असतेच, ती सगळीकडे असते. तुमचे कागद खरे असतील तर त्यासाठी राजीनामा थांबवायची गरज नाही, फक्त आधीच्या कंपनीच्या तारखा वगैरे नीट जुळतायत ना ते बघून घ्या.

"आज सहापर्यंत हो म्हणा नाहीतर दुसऱ्याला देतो" असं म्हणाले तर?

कधी कधी खरंच दुसरा माणूस थांबलेला असतो, कधी महिनाअखेरचं टार्गेट असतं. उत्तर दोन्ही वेळा एकच: "मला यायचंय, म्हणूनच सहापर्यंत नक्की सांगायचंय. तुम्ही चारपर्यंत लेटर किंवा निदान ब्रेकअप पाठवू शकाल का? मी लगेच बघतो." तुम्ही त्यांची वेळ पाळताय, फक्त वाटेत त्यांचंही काम आहे हे दाखवताय. खरी घाई असेल तर ब्रेकअप तासाभरात येतं.

फोन कंपनीचा नाही, कन्सल्टन्सीचा आला. चालेल का?

आनंद त्यांनाही दाखवा, पण कन्सल्टन्सीने दिलेली ऑफर ही ऑफर नव्हे, बातमी आहे. त्यांना तुम्ही जॉइन झाल्यावर कमिशन मिळतं, त्यामुळे ते गोड बोलणारच. लेटर कंपनीच्या डोमेनवरून आलेल्या मेलने किंवा कंपनीच्या पोर्टलवर हवं. आणि तुम्ही प्रत्यक्ष नोकरी कुणाकडे करणार, कंपनीच्या पेरोलवर की कन्सल्टन्सीच्या, हे लेटरवरच्या नावावरून कळतं, फोनवरून नाही.

लेटरसाठी, ट्रेनिंगसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी पैसे मागितले की विषय तिथेच संपवा.

छोटी कंपनी आहे, मालक बाबांच्या ओळखीचे. "लेटर कशाला, घरचंच आहे सगळं" म्हणतात. त्यांना काय सांगू?

हे आयटीपेक्षा अवघड आहे, मान्य, कारण इथे मागायची भीड पडते. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपपासून सीएच्या ऑफिसपर्यंत हे चालतं. कायदा काढून दाखवू नका, जरी तो तुमच्या बाजूचा असला तरी: २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत आणि त्यात नेमणूक पत्र देणं मालकावर बंधनकारक केलंय. त्याऐवजी दुसऱ्या कुणाची तरी गरज पुढे करा, आणि ती खरीच असते:

"काका, तुमच्याकडे शिकायला मिळणार याचा मला खरंच आनंद आहे. जुन्या कंपनीत राजीनामा देण्याआधी आणि पुढे बँकेत लोनसाठी कागद लागतो, तर एका पानाचं लेटर द्याल का? हवं तर मी टाइप करून आणतो, तुम्ही बघून सही-शिक्का करा."

स्वतः टाइप करून नेणं हे इथे सगळ्यात चालतं. छोट्या ऑफिसात लेटर नसतं याचं कारण अर्ध्या वेळा एवढंच असतं की ते लिहायला कुणी नसतं. पद, महिन्याचा पगार, पगाराची तारीख, पीएफ आहे की नाही, कामाची वेळ, सुट्टी, नोटीस, एवढ्या ओळी पुरे. काकांनी तेही टाळलं तर पगाराबद्दलच पुढे अडचण येणार आहे असं मी धरून चालते.

लेटर आलं पण फोनवरच्यापेक्षा वेगळं आहे. भांडू?

आधी चूक समजून विचारा, कारण बऱ्याचदा ती चूकच असते, जुन्या टेंप्लेटवर नाव बदललेलं असतं. "लेटर मिळालं, थँक यू! एकच गोष्ट, बायआउटचा उल्लेख दिसला नाही, मंगळवारच्या मेलमध्ये आपण तो धरला होता. सुधारित लेटर पाठवाल का, म्हणजे मी लगेच सही करतो." "ते असंच असतं, आम्ही देऊ, काळजी नको" असं तोंडी उत्तर आलं तर तेच वाक्य मेलवर लिहून मागा. मेलवर लिहायला तयार नाहीत म्हणजे देणार नाहीत, एवढं साधं आहे ते.

बाँड दिसला, म्हणजे अमुक वर्षांआधी सोडल्यास इतके लाख भरा, तर "बाँडला काही अर्थ नसतो" म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकून सही करू नका. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख भरायची अट वैध ठरवली होती. प्रत्येक बाँड टिकेल असं नाही, पण सही करताना तो टिकणार असं धरूनच करा.

सगळं बरोबर आहे. आता सही कशी करायची?

आजकाल पोर्टलवर अ‍ॅक्सेप्टचं बटण असतं, ते दाबणं म्हणजे सहीच. दाबायच्या आधी पीडीएफ डाउनलोड करून आपल्याकडे ठेवा, कारण काही पोर्टलची लिंक ठराविक दिवसांनी बंद होते आणि मग राजीनाम्याच्या वेळी लेटर शोधत फिरावं लागतं. लेटरवर ऑफरची मुदत लिहिलेली असते, दोन-तीन दिवसांची असू शकते, ती बघा. बटण दाबून झालं की एचआरला दोन ओळींचा मेल टाका की स्वीकारलंय, उद्या राजीनामा देतोय, आणि राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आला की तुम्हाला फॉरवर्ड करतो. तो मेल त्या मागणारच आहेत.